आठवडा झाला, उत्तर नाही. आता काय लिहावं?

अमेरिकेतल्या एम.एस.साठी आमच्या सरांकडे शिफारसपत्र मागितलंय. मेल करून आठ दिवस झाले, काहीच उत्तर नाही. अर्जाची मुदत १५ डिसेंबर आहे. परत लिहिलं तर सरांना वाटेल, ही मागेच लागली. — विद्यार्थिनी, कोल्हापूर

दुसरा मेल लिहिण्याआधी पहिला उघडून वाचा, आणि तोही फोनवर, कारण सरांनी बहुधा फोनवरच वाचला असेल. अशा मेलमध्ये साधारण तीन परिच्छेद स्वतःच्या वाटचालीचे असतात आणि शेवटी ‘शिफारसपत्र द्यावे ही नम्र विनंती’. सरांना मात्र वेगळ्याच गोष्टी हव्या असतात. पत्रं किती, कोणत्या तारखेपर्यंत, लेटरहेडवर सही करून द्यायची की कुठे अपलोड करायची? हे सापडलं नाही की ‘रविवारी निवांत बघू’ म्हणून मेल बाजूला पडतो. नोव्हेंबरात सत्र परीक्षा, प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत गुण भरायची घाई असते, त्यामुळे तो रविवार येत नाही. हे मौन म्हणजे नकार असेलच असं नाही. बहुतेक वेळा ते ‘नंतर’ असतं.

म्हणून दुसऱ्या मेलने पहिल्याचं राहिलेलं काम करावं. त्याच मेलला रिप्लाय करा आणि विषयाची ओळ बदलू नका, नाहीतर जीमेलमध्ये तो वेगळा मेल म्हणून सुटा पडतो. रिप्लाय केल्यावर आधीच्या मेलची जोडपत्रं सोबत जात नाहीत, ती पुन्हा जोडावी लागतात. ड्राइव्हची लिंक दिली असेल तर ती लॉगिन नसलेल्या ब्राउजरमध्ये एकदा उघडून बघा. परवानगी मागणारं पान दिसलं, तर सरांनाही तेच दिसलं असणार. आठ दिवसांच्या शांततेचं कारण तेवढंच असू शकतं.

मी असं लिहीन:

> आदरणीय सर, सादर नमस्कार.
> १७ तारखेला शिफारसपत्राबद्दल लिहिलं होतं. त्यातला आवश्यक तपशील इथे एकत्र देते, म्हणजे जुना मेल शोधावा लागणार नाही.
> दोन विद्यापीठं आहेत, दोन्हींची मुदत १५ डिसेंबर. आपला होकार असेल तर मी आपला मेल पत्ता अर्जात भरेन. मग विद्यापीठाकडून आपल्याला थेट लिंक येईल आणि पत्र तिथेच अपलोड करायचं असेल. आपल्याकडे केलेल्या प्रोजेक्टचा एक पानी गोषवारा आणि गुणपत्रिका जोडली आहे.
> यंदा जमणार नसेल तर तसं सांगितलंत तरी चालेल, मी वेळेत दुसऱ्या कुणाला विचारेन. त्यासाठी २८ तारखेपर्यंत एका ओळीत कळवलंत तर सोपं जाईल.

यात ‘अद्याप आपले उत्तर आले नाही’ कुठेच नाही. ते सरांना ठाऊक आहे. ‘कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल’ हेसुद्धा मुद्दाम टाळलंय. लिहिणाऱ्याला ते समजूतदारपणाचं वाटतं, पण वाचणाऱ्याच्या कानाला ‘तुम्ही विसरलात’ एवढंच लागतं. मग उत्तर देताना त्याला आधी सारवासारव करावी लागते आणि त्या संकोचापायी उत्तर आणखी लांबतं. मौनाचं कारण तुम्ही पुरवू नका. पुन्हा लिहायचं कारण मात्र तुमच्या बाजूचं आणि खरं असू द्या. २८ तारीख हवेतून आलेली नाही. सर नाही म्हणाले, तर दुसऱ्यांना विचारायला आणि त्यांना पत्र लिहायला दोन आठवडे राहावेत म्हणून ती आहे. नकाराची वाट मोकळी ठेवलीत की मागे लागल्यासारखं वाटत नाही. शिवाय अनिच्छेने लिहिलेलं कोमट पत्र घेण्यापेक्षा आत्ताच मिळालेला नकार पुष्कळ बरा.

होकार आल्यावर पुन्हा शांतता पसरली, तर ती निराळी. विद्यापीठाचा मेल अनोळखी पत्त्यावरून आपोआप येतो आणि अनेकदा स्पॅममध्ये जातो. इथे मात्र ‘सर, लिंक आली का? कधी कधी ती स्पॅममध्ये जाते’ असं खुशाल विचारा. बहुतेक अर्जांच्या पानावर पत्र पोचलं की नाही ते दिसतं आणि तिथून लिंक पुन्हा पाठवता येते. ते बटण रोज दाबू नका.

विभागात गाठायचं असेल तर दोन तासिकांच्या मधे जा, पण हातात तारखा आणि विद्यापीठांची नावं लिहिलेला अर्धा कागद असू द्या. व्हरांड्यात ‘सर, मेल केला होता’ एवढंच म्हटलंत तर सर ‘हो हो, बघतो’ म्हणतील आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

मी किचन ट्रॉलीची कामं करतो. कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, निळ्या टिका आल्या, आठवडा झाला तरी गप्प. ‘पाहिलंत का?’ असं विचारू का? — वाचक, ठाणे

नको. निळी टिक म्हणजे त्यांनी चॅट उघडलं, एवढंच. आतली पीडीएफ उघडली असेल असं नाही. पण ‘पाहिलंत का’ म्हटलं की तुम्ही टिका तपासत बसलात हे उघड होतं, आणि समोरच्याला पकडल्यासारखं वाटतं. जुन्या मेसेजवर नुसतं प्रश्नचिन्ह टाकणं त्याहून वाईट. तो पुसून परत पाठवायचा विचारही करू नका, पुसल्याची खूण मागे राहते.

कोटेशननंतर माणसं गप्प होतात ती बहुतेक वेळा आकडा बघून. ‘महाग पडतंय’ म्हणायला संकोच वाटतो. तो संकोच तुम्हीच मोडा आणि ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणता येईल असं विचारा: ‘नमस्कार ताई, शटर अ‍ॅक्रिलिकची धरली होती. लॅमिनेटमध्ये केली तर खर्च कमी होईल. तसं दुसरं कोटेशन करून पाठवू का?’ प्लायवुडचा दर तुम्हाला खरोखरच महिनाअखेरपर्यंतच मिळत असेल तर तेही सांगा. नसेल तर खोटी मुदत घालू नका. पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच दरात काम घेतलंत की गिऱ्हाईक ते लक्षात ठेवतं. त्यालाही उत्तर आलं नाही, तर विषय सोडा. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवाल तेव्हा ओळख ताजी होईलच.

मुलाखत छान झाली. एचआर मॅडम म्हणाल्या, ‘आठवडाभरात कळवतो.’ आज आठवा दिवस. — वाचक, नागपूर

त्यांच्या आठवड्यात शनिवार-रविवार आणि मधली सुट्टी धरलेली नसते. कामाचे सात-आठ दिवस जाऊ द्या. मग मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी एकच मेल करा, मॅडमनाच. मुलाखत घेणाऱ्या साहेबांना लिंक्डइनवर शोधून विचारू नका, ते मॅडमची तक्रार केल्यासारखं दिसतं. मेलमध्ये पद, मुलाखतीची तारीख आणि एकच प्रश्न: ‘पुढच्या टप्प्याचा अंदाज मिळाला तर मला सध्याच्या ठिकाणचं नियोजन करता येईल.’ मुलाखत ‘छान झाली’ हे तिथे लिहू नका, तो निवाडा त्यांचा. दुसरीकडून खरंच ऑफर आली असेल आणि तिची मुदत ठरलेली असेल, तर मात्र थांबू नका. तीच तुमची सगळ्यात मोठी बाजू आहे, तारखेसह स्पष्ट लिहा.

नगरपालिकेत दाखल्यासाठी अर्ज दिलाय, आठवडा झाला. — वाचक, सातारा

तिथे आठवडा म्हणजे काहीच नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते. तुमच्या दाखल्याची मुदत आधी बघा, ती उलटली की लिहा. लिहिताना वर ‘संदर्भ’ म्हणून आवक क्रमांक आणि दिनांक घाला. टेबलावरच्या माणसाला नम्रतेच्या दोन ओळींपेक्षा आवक क्रमांक जास्त उपयोगी पडतो. पोच घेतली नसेल तर आधी ती मिळवा.

मी डिझायनर आहे. एका कंपनीचं काम पूर्ण करून बिल मेल केलं. तीस दिवसांत पैसे असं ठरलंय. आठवडा झाला, ‘मिळालं’ एवढंही कुणी म्हटलेलं नाही. आत्ता विचारलं तर पैशासाठी उतावीळ वाटेन का? — वाचक, पुणे

पैसे विचारले तर वाटाल. बिल पोचलं का हे विचारलं तर अजिबात नाही, आणि ते आत्ताच विचारायला हवं. तिसाव्या दिवशी विचारलंत आणि ‘यावर पीओ नंबर’, म्हणजे कंपनीच्या परचेस ऑर्डरचा नंबर, ‘नाही, नवीन बिल पाठवा’ असं कळलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बिलं अडकतात ती अशाच किरकोळ कारणांनी: पीओ नंबर राहिला, जीएसटी क्रमांकाचा एक आकडा चुकला, बिल दुसऱ्या शाखेच्या नावाने काढलं, किंवा नव्या व्हेंडरचा कॅन्सल्ड चेक अकाउंट्सकडे पोचलाच नाही. काम देणाऱ्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याने मेल पुढे ढकलला, त्याच्यापुरतं काम संपलं.

त्यालाच लिहा, पण अकाउंट्सच्या दृष्टीने: ‘५ तारखेचं बिल क्र. ४२ पुन्हा जोडलं आहे. अकाउंट्सकडे नोंदवताना पीओ नंबर किंवा आणखी कोणता कागद लागणार असेल तर सांगा, आजच पाठवतो. अकाउंट्समध्ये कुणाशी बोलावं तेही कळलं तर पुढच्या वेळी तुम्हाला मधे घालावं लागणार नाही.’ शेवटचं वाक्य नुसतं गोड नाही. मधल्या माणसाला खरंच मोकळं व्हायचं असतं, तो नाव लगेच देतो. मग त्या नावाला एकदाच विचारून ठेवा की व्हेंडरची पेमेंट महिन्यातून कोणत्या तारखांना निघतात. पुष्कळ कंपन्यांत हे दिवस ठरलेले असतात. तो दिवस हुकला की पुढच्यापर्यंत थांबावं लागतं, आणि तेव्हा केलेल्या दहा फोनांचा उपयोग होत नाही.

तीस दिवस उलटले की स्वर थोडा बदलायला हरकत नाही. ‘बिल क्र. ४२ ची मुदत ४ तारखेला पूर्ण झाली. पेमेंट कोणत्या तारखेला निघेल ते कळवावे.’ माफी नको, ‘फक्त आठवण म्हणून’ नको आणि खंतही नको. मुदत संपल्यावर तारीख विचारणं हा रोजचा व्यवहार आहे, त्यात कुणी दुखावत नाही.

राहिला कायदा. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर अशा उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी पैशाची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि करारच नसेल तर ती १५ दिवसांची. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. पण हे पहिल्या-दुसऱ्या मेलमध्ये लिहिलंत तर ती आठवण राहत नाही, नोटीस होते. त्यापेक्षा पहिल्या बिलापासून तुमच्या नावाखाली उद्यम क्रमांक छापा. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल या मुदतीत दिलं नाही आणि वर्षअखेरीला थकलेलं राहिलं, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले असा क्रमांक असलेली बिलं स्वतःहून वर काढतात.