सप्तमापासून तिसरं म्हणजे नववं, दहावं नव्हे

पत्रिकेत मेहुणा किंवा दीर पाहायचा तर सप्तमस्थानाला जोडीदाराचं लग्नस्थान, म्हणजे पहिलं स्थान, माना आणि तिथून तिसरं स्थान घ्या. नवख्यांची चूक इथेच होते. सातव्याला सोडून आठव्यापासून मोजलं की बोट दशमावर येतं. ज्या स्थानापासून मोजायचं, तेच 'एक': सातवं एक, आठवं दोन, नववं तीन. कागदावर करायचं तर दोन्ही आकडे मिळवून एक वजा करा. बारावर गेलं तर बारा काढा.

तृतीय हे धाकट्या भावंडांचं, थोरल्यांसाठी अकरावं, म्हणजे लाभस्थान. म्हणून थोरला दीर सातापासून अकराव्यात, म्हणजे पंचमात बघायचा.

समजा मेष लग्न आहे. सप्तमात तूळ, नवमात धनू, स्वामी गुरू, आणि तो चतुर्थात कर्केत उच्चीचा. तुळेपासून कर्क दहावी येते, तेव्हा धाकट्या मेहुण्याचा संबंध बायकोच्या कामधंद्याशी जोडता येतो. पण त्याच्या स्वतःच्या धनूपासून मोजलं तर गुरू आठवा पडतो, आणि आठवं स्थान त्रासाचं. उच्चीचा गुरू बघून 'मेहुण्याचं सगळं उत्तम' असं सांगून मोकळे होऊ नका.

शिवाय नवम हे मुळात भाग्याचं आणि वडिलांचं. तिथे शनी दिसला की लगेच मेहुण्यावर ढकलायचं नाही. जोडीदाराची पत्रिका हाती असेल तर तिचंच तृतीय आधी उघडा. ही फिरवाफिरवी तिला दुजोरा म्हणून ठीक.