सागवानी तुळईच्या तळाशी पोलादी पट्टी: लाकडात किती प्रतिबल, पोलादात किती?

प्रश्न: लाकडी तुळईच्या तळाशी पोलादी पट्टी बोल्टने बसवली आहे. ट्रान्सफॉर्म्ड सेक्शन पद्धतीने माझ्या हिशेबात पोलादाचे प्रतिबल जवळपास लाकडाइतकेच येते. कुठे चुकते आहे?

उत्तर: तुमचा हिशेब बहुधा शेवटच्या पायरीपर्यंत बरोबर आहे. पोलादाचा यंग मापांक लाकडाच्या n पट असतो; पट्टीची रुंदी तेवढ्याच n पटीने वाढवून आपण ती लाकडाची आहे असे मानतो, त्यामुळे My/I मधून पट्टीच्या जागी जे उत्तर येते ते त्या मानलेल्या लाकडाचे असते. खऱ्या पोलादाचे प्रतिबल काढण्यासाठी त्याला पुन्हा n ने गुणावे लागते. याचे कारण असे की, सांध्याशी लाकूड आणि पोलाद सारखेच ताणले जातात, म्हणजे दोघांची विकृती एकच असते; पण तेवढ्याच विकृतीला पोलाद n पट प्रतिबल घेते.

चोपडा तालुक्यातल्या एका धाब्याच्या, म्हणजे मातीचे सपाट छत असलेल्या घराची तुळई तपासताना मी केलेला हिशेब सोप्या आकड्यांत देतो. तुळई १५० मिमी रुंद, २५० मिमी खोल, गाळा ४ मीटर, तळाशी १५० × १० मिमी पट्टी. सागाचा यंग मापांक १० गिगापास्कल आणि पोलादाचा २०० धरला, म्हणून n = २०. पट्टीची जाडी १० मिमीच ठेवायची आणि रुंदी ३००० मिमी करायची. उलट केले, म्हणजे जाडी वाढवली, तर पट्टीची उंचीवरची जागा बदलते आणि सगळा हिशेब बिघडतो.

लाकडाचे क्षेत्रफळ ३७,५०० चौ. मिमी, त्याचा मध्य तळापासून १३५ मिमीवर. पट्टीचे बदललेले क्षेत्रफळ ३०,००० चौ. मिमी, तिचा मध्य ५ मिमीवर. यावरून उदासीन अक्ष तळापासून ७७.२ मिमीवर येतो, म्हणजे पट्टीने तो बराच खाली ओढलेला असतो. त्या अक्षाभोवती मोमेंट ऑफ इनर्शिया सुमारे ४७७ × १०⁶ मिमी⁴ येते. मातीसह एकूण भार मीटरला ६ किलोन्यूटन धरला, तर मध्यावर बेंडिंग मोमेंट १२ किलोन्यूटन-मीटर. मग लाकडाच्या वरच्या कडेला ४.६ मेगापास्कल दाब, लाकडाच्या खालच्या कडेला १.७ मेगापास्कल ताण, आणि पट्टीच्या तळाशी १.९४ गुणिले २०, म्हणजे ३८.८ मेगापास्कल ताण. पट्टी नसती तर लाकडात वर-खाली ७.७ मेगापास्कल आले असते.

हे उत्तर पडताळण्याची एक खात्रीची रीत आहे. पट्टीचे सरासरी प्रतिबल ३६.३ मेगापास्कल, तिचे खरे क्षेत्रफळ १,५०० चौ. मिमी, म्हणजे ओढ ५४.५ किलोन्यूटन. लाकडातला दाब वजा ताण केला तरी ५४.५ च आला पाहिजे, आणि तो येतो. तुम्ही n ने गुणायचे विसरला असाल, तर हे दोन आकडे जुळणारच नाहीत.

जुन्या घरात मात्र याहून मोठी चूक होते, आणि ती कागदावर दिसत नाही. आपल्याकडे धाब्यावरची माती आधीपासूनच तुळईवर असते. समजा ६ पैकी ४ किलोन्यूटन भार हा मातीचा आणि छताचा आहे, आणि तुळईला खालून टेकू देऊन तो उचलून न धरताच पट्टी ठोकली. मग तो भार एकट्या लाकडातच राहतो (५.१ मेगापास्कल) आणि पट्टीला वाटा मिळतो तो फक्त नंतरच्या २ किलोन्यूटनचा. लाकडाच्या वरच्या कडेला एकूण ६.६ मेगापास्कल येतात आणि पोलादात जेमतेम १३. म्हणून माझा आग्रह असतो, की आधी टेकू लावून तुळईवरचा भार काढून घ्यावा, पट्टी बसवावी आणि मगच टेकू काढावे. वर्षे जातात तसे भाराखालचे लाकूड हळूहळू आणखी वाकत जाते, म्हणजे त्याचा परिणामी मापांक घटतो. तो निम्मा झाला तर n = ४०, आणि सुरुवातीपासून सगळा भार एकत्र घेणाऱ्या पट्टीतले प्रतिबल ३८.८ वरून सुमारे ४५ मेगापास्कलवर जाते. लाकडाचे थोडे उतरते. पोलादाला ते सहज झेपते, पण हिशेब दोन्ही n साठी करून ठेवावा.

हे सगळे गृहीत धरते, की पट्टी लाकडावरून घसरत नाही. आधाराजवळ शिअर १२ किलोन्यूटन असताना सांध्यावर दर मिलिमीटरला ५४.५ न्यूटन सरकवणारे बल येते, म्हणजे १५० मिमी अंतरावरच्या दोन-दोन बोल्टांपैकी प्रत्येकावर सुमारे ४.१ किलोन्यूटन. बोल्टची भोके सैल असतील तर पट्टी आधी घसरते आणि नंतर काम करते, तोवर बराच भार लाकूडच वाहते. टेकू काढण्यापूर्वी तुळईच्या टोकाजवळ, बाजूच्या कडेवर, लाकूड आणि पट्टी ओलांडणारी एक बारीक उभी पेन्सिलरेघ मी ओढून ठेवतो. टेकू काढल्यावर ती सांध्याशी तुटून बाजूला सरकलेली दिसली, तर वरचे आकडे त्या तुळईला लागू पडत नाहीत, आणि बोल्ट पुन्हा बसवावे लागतात.