पत्रात रात्री तीन वाजताचं लिहा

प्रश्न: माझं वय ४५. गेलं वर्षभर पाळी मागेपुढे होतेय, झोप लागत नाही, लहानसहान गोष्टींवरून भडकते. नवऱ्याशी बोलायला गेलं की भांडणच होतं. पत्र लिहून काही उपयोग होतो का? त्यात काय लिहावं?

होतो. पाळी जायच्या काळात मीही लिहिलं होतं. ते पत्र ह्यांनी विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये जपून ठेवलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

फक्त "मला समजून घ्या" असलं काही लिहू नका. त्यावर नवरा मान हलवतो आणि विषय संपतो. रात्री अंगाला नेमकं काय होतं आणि त्याने काय करायचं, एवढंच लिहा.

आमची मुलुंडला वन बीएचके. मुलगी तेव्हा बारावीला, रात्री जागून हॉलमध्ये अभ्यास करायची. भांडण पंख्यावरून सुरू झालं, तेही जानेवारीत. ह्यांना सर्दीचा त्रास, त्यामुळे पंखा दोनवर. मी रात्री उठून पाचवर करायची, हे कुडकुडत उठून परत दोनवर आणायचे. शेवटी मी उशी उचलली आणि स्वयंपाकघरात खिडकीखाली सतरंजी टाकून झोपायला लागले. ह्यांचा समज झाला की मला ह्यांचाच कंटाळा आलाय. तसं बोलून दाखवलं नाही, पण डबा ओट्यावर तसाच ठेवून ऑफिसला जायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात डबा कधी राहिला नव्हता. मग मी लिहायला बसले. थोडं गाळून इथे देते.

"अहो, मी स्वयंपाकघरात झोपते ती तुमच्यावर रागावून नाही. रात्री तीनच्या सुमाराला छातीतून एकदम ऊब उसळते, मानेवर, तोंडावर चढते. काळीज धडधडतं. दोन-चार मिनिटांत गाऊन पाठीला चिकटतो, आणि घाम वाळायला लागला की थंडी वाजते. तोवर झोप पार उडालेली असते. मग पाच वाजेपर्यंत मी छताकडे बघत पडते. डोळा लागतो न लागतो तोच पाण्याची वेळ होते.

डॉक्टर बाईंनी मला समजावलं ते तुम्हालाही सांगते. ह्या वयात दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. ज्या महिन्यात सुटत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन जवळजवळ बनत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन तर एखाद्या महिन्यात भरपूर असतं आणि पुढच्या महिन्यात धाडकन खाली येतं. ह्या चढउतारांमुळे मेंदूतला अंगाचं तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. अंग किंचित तापलं तरी त्याला फार तापल्यासारखं वाटतं आणि तो घाम काढायला लावतो. म्हणून तुम्हाला थंडी वाजत असताना मी घामाने भिजलेली असते.

परवा भाजीत मीठ कमी म्हणालात आणि मी ताट आपटलं. त्या रात्री माझी धड तीन तासही झोप झाली नव्हती. चिडचिडीत हार्मोन्सचा वाटा आहेच, पण झोप झालेल्या दिवशी तेच वाक्य मी ऐकून घेते, हे तुम्हीही पाहिलंय.

आता मला काय हवंय ते. सकाळचं पाणी तुम्ही भरा, मला साडेसहापर्यंत झोपू द्या. आपली पांघरुणं वेगळी करू. रात्री मी उठले तर 'काय झालं' विचारू नका, दिवा लावू नका. मी भडकले तर तेव्हाच वाद घालू नका, संध्याकाळी बोलू. आणि चारचौघांत 'हिचा पारा हल्ली चढलेला असतो' असं म्हणत जाऊ नका, ते मला फार लागतं. जवळ येण्याचं मी टाळते कारण हल्ली कोरडेपणामुळे दुखतं. त्यावरही औषध आहे. पुढच्या वेळी डॉक्टरकडे तुम्ही सोबत या."

पत्र ह्यांच्या बॅगेत ठेवलं. लोकलमध्ये वाचलं असावं. रात्री जेवताना एकच विचारलं, "हे किती दिवस चालणार?" मी खरं ते सांगितलं. सलग बारा महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात. त्याआधीचा हा काळ साधारण चार वर्षांचा, कुणाचा कमी, कुणाचा बराच जास्त. हे बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी पाण्याचा गजर ह्यांच्या मोबाइलवर लागला. पंख्यावरून आणखी आठवडाभर कुरबुर चालली. मग माझ्या बाजूला एक छोटा टेबल फॅन आला आणि तो वाद मिटला. मी परत आत झोपायला लागले. घाम काही थांबला नाही, पण सकाळचा तास-दीड तास मिळाल्यावर दिवस निभायला लागला.

माझ्या नणंदेला हे कळलं तेव्हा म्हणाली, "घरातल्या गोष्टी कागदावर कशाला? आमच्या वेळी नव्हतं असलं काही." होतं. माझ्या सासूबाई ह्याच वयात रात्री गॅलरीत येऊन बसायच्या, हे ह्यांनीच मला सांगितलंय. घरात सगळे म्हणायचे, आईचा स्वभाव बदलला. तेव्हा कुणी तिला झोपेबद्दल विचारलं असतं तर पोरांनी इतका ओरडा खाल्ला नसता. तुम्हालाही कुणी असं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. त्या बाईची झोप कशी होती, ते विचारा.

आता काही गोष्टी, ज्या पत्राने सुटत नाहीत. लिहायच्या आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड असंच सगळं होतं, आणि जास्त रक्तस्राव होत असेल तर थकवा त्याचाही असू शकतो. एफएसएच ह्या हार्मोनच्या रक्ततपासणीवर पैसे घालवू नका. ह्या काळात तो आकडा सारखा वरखाली होतो, त्यामुळे पंचेचाळिशीनंतर डॉक्टर लक्षणांवरूनच ठरवतात. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जात असेल किंवा वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा दिसलं, तर थेट गायनॅककडे जा. रात्रीचा घाम फारच होत असेल तर हार्मोनच्या उपचारांबद्दल विचारा. त्यांचा चांगला उपयोग होतो, पण सगळ्यांना ते चालत नाहीत. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर पहिल्याच भेटीत सांगा.

सतत रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल तर पत्र बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. ह्या वयात डिप्रेशन येऊ शकतं आणि ते बरं होतं. आणि नवरा हात उगारणारा असेल तर असलं काही लिहून त्याच्या हातात देऊ नका, आधी बहिणीशी किंवा मैत्रिणीशी बोला.

पाळी मागेपुढे होतेय म्हणजे आता दिवस राहायचे नाहीत, असंही धरून चालू नका. मधूनच एखाद्या महिन्यात बीज सुटतं. काळजी कोणी आणि कशी घ्यायची, हेही त्याच पत्रात लिहा.