गॅप भरतोच म्हणणाऱ्यांना आधी विचारा: कधी?

प्रश्न: शेअर गॅप अप किंवा गॅप डाऊन उघडला की तो गॅप भरणार की नाही, हे ट्रेडर कसं ओळखतात? प्रत्येक गॅप कधी ना कधी भरतोच असं ऐकलंय, ते खरं आहे का?

प्रत्येक गॅप भरतोच, म्हणजे भाव परत आदल्या दिवसाच्या पातळीवर येतोच, हे वाक्य मला माझ्या चुलत भावाने शिकवलं. दादा माझ्याआधी सात-आठ वर्षं बाजारात होता, त्यामुळे त्याचं म्हणणं मी कधी तपासून पाहिलंच नाही. त्यापायी एका दिवसात जे झालं ते सांगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे, निदान बरंचसं.

शेअरचं नाव सांगत नाही, आकडे सांगतो. सहा आठवडे तो ३८० ते ४१५ मध्ये फिरत होता. ४१५ ला तीनदा जाऊन आपटून आला होता. आदल्या दिवशीचा हाय ४१४, बंद भाव ४१२. बाजार बंद झाल्यावर तिमाही निकाल आले आणि नफा अपेक्षेपेक्षा बराच जास्त निघाला. दुसऱ्या दिवशी शेअर थेट ४३६ ला उघडला, म्हणजे २४ चा गॅप. त्याचा १४ दिवसांचा एटीआर होता ९. एरवी दिवसभरात जेवढा हलायचा त्याच्या अडीचपटीहून जास्त अंतर त्याने एकही सौदा न होता कापलं होतं. मला त्यातून एवढंच दिसलं की रबर फार ताणलंय, आता सुटणार.

पहिली पाच मिनिटांची कॅण्डल लाल झाली. हाय ४३९, लो ४३१.५, बंद ४३३. मी ४३३ ला ४०० शेअर शॉर्ट केले. टार्गेट ४१२, स्टॉपलॉस ४४०. सात द्यायचे आणि एकवीस घ्यायचे, कागदावर सौदा देखणा होता. दुसऱ्या कॅण्डलमध्ये भाव ४३०.५ पर्यंत गेला आणि मी मनातल्या मनात हिशोब करायला लागलो. तिसऱ्या कॅण्डलमध्ये तो परत ४३६ वर आला.

त्या पंधरा मिनिटांत समोर काय दिसत होतं ते बघा. २४ चा गॅप, आणि सगळी विक्री येऊनही भाव उघडलेल्या जागेपासून फक्त साडेपाच खाली गेला. गॅपचा पाव भागही परत मिळाला नाही. गॅपचा मध्य ४२४ ला होता, तो तर नजरेच्या टप्प्यातही आला नाही. व्हीवॅप, म्हणजे दिवसभरातल्या सौद्यांचा व्हॉल्यूमनुसार काढलेला सरासरी भाव, ४३४ च्या वर होता आणि तिसऱ्या कॅण्डलने त्याच्यावर बंद दिला. व्हॉल्यूम तर ओरडून सांगत होता. एरवी दिवसाला दहा लाखांच्या आसपास शेअर फिरायचे, त्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांत सहा लाख झाले. एवढा माल विकला गेला आणि तरी भाव पडत नाही, याचा अर्थ समोर कोणीतरी तो सगळा माल शांतपणे उचलत आहे. मी विकत होतो तेही त्यालाच.

मी बाहेर पडायला हवं होतं. त्याऐवजी भाव ४३९ च्या वर जाताच स्टॉपलॉसची ऑर्डर रद्द केली, आणि ४४१ ला आणखी ४०० शॉर्ट केले. सरासरी ४३७ झाली. डोक्यात दादाचं वाक्य होतं: भरतोच. इंट्राडे पोझिशन होती, शेवटी वेळ संपली तेव्हा ब्रोकरच्या सिस्टीमने ती ४५०.५ ला कापली. ठरवलेला तोटा २,८०० चा होता, झाला १०,८०० चा. शेअर ४५२ ला बंद झाला.

खरी गंमत पुढे आहे. तीन आठवड्यांत तो ४८८ ला गेला. मग अख्खा बाजारच मंदावला आणि साधारण चार महिन्यांनी त्याने ४११ चा लो मारला. दादाने लगेच चार्ट पाठवला, गॅपभोवती गोल काढून. खाली लिहिलं होतं, ‘भरला की नाही? तुला धीर नव्हता.’

याचा राग अजून गेलेला नाही. ४३३ च्या शॉर्टला धीर धरायचा म्हणजे शेअरमागे ५५ चा तोटा अंगावर घेऊन चार महिने बसायचं, तेही ज्या पोझिशनचा जीव एक दिवसाचा आहे तिच्यात. ज्या अंदाजाला मुदत नाही तो अंदाजच नाही. बरं, भरला म्हणजे नेमकं काय यावरही लोक एकमत नाहीत. कोणी आदल्या दिवसाचा बंद भाव धरतं, कोणी आदला हाय. दादा ज्या दिवशी जे सोयीचं असेल ते धरतो.

मोठं उदाहरण हवं असेल तर मेटा बघा. ३ फेब्रुवारी २०२२ ला निकालानंतर तो शेअर गॅप डाऊन उघडला आणि एका दिवसात सुमारे २६ टक्के पडला. आदला बंद भाव ३२३ डॉलर होता. गॅप भरेल म्हणून त्या सकाळी ज्यांनी घेतला त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो ९० डॉलरच्याही खाली गेलेला पाहिला. गॅप भरला, २०२३ मध्ये. आता याला ‘भरतोच’चा पुरावा म्हणायचं की इशारा, ते तुम्ही ठरवा.

तर मी आता काय बघतो. सगळ्यात आधी, भाव आदल्या दिवसाच्या हाय-लोच्या आत उघडला की बाहेर. आत उघडला असेल तर नवीन काहीच घडलेलं नाही, काल त्याच भावात सौदे झाले होते, आजही होतील. असे छोटे गॅप बहुधा त्याच दिवशी भरतात. याच शेअरमध्ये नंतर एकदा निर्देशांकाच्या ओढीने चार रुपयांचा गॅप पडला होता. शेअरची स्वतःची काही बातमी नव्हती आणि भाव कालच्या हायच्या आतच होता. निर्देशांक थकला तसा हाही चाळीस मिनिटांत कालच्या बंद भावावर येऊन टेकला.

पण भाव कालच्या रेंजच्या बाहेर, आणि त्यातही आठवडेच्या आठवडे अडलेल्या पातळीच्या पलीकडे उघडला, तर गोष्ट वेगळी. माझ्या केसमध्ये ४१५ ला विकणारे मंदीवाले रातोरात अडकले होते. सकाळपासून तेच शॉर्ट कापायला घेत होते. शिवाय ज्यांना शेअर घ्यायचाच होता त्यांना ४१५ ला संधीच मिळाली नाही, म्हणून भाव जरा खाली आला की ते उडी मारत होते. मी ज्या घसरणीची वाट बघत होतो तिची माझ्याआधी घेणारे वाट बघत होते. त्यात कारण निकालांचं. अनपेक्षित निकालानंतर भाव त्याच दिशेने पुढचे काही आठवडे सरकत राहण्याची प्रवृत्ती असते, ही बाब बॉल आणि ब्राऊन या दोन संशोधकांनी १९६८ मध्येच मांडली होती. मोठे फंड आपली खरेदी एका सकाळी संपवू शकत नाहीत, हे त्यामागचं एक साधं कारण.

मग पहिला अर्धा तास. गॅप अपमध्ये शॉर्ट करायचाच असेल तर मी पहिल्या पंधरा मिनिटांचा लो तुटायची वाट बघतो, आणि तुटल्यावर भाव परत व्हीवॅपकडे गेला तर तिथून तो हाकलला जातो का ते बघतो. हाकलला गेला तर शॉर्ट, स्टॉपलॉस व्हीवॅपच्या थोडा वर. गॅपचा मध्य ओलांडला की भरण्याची शक्यता चांगलीच वाढते, कारण सकाळी घेणारे जवळपास सगळेच तोट्यात जातात आणि त्यांचे स्टॉपलॉस उडायला लागतात. या पद्धतीत वरचे आठ-दहा पॉइंट हातचे जातात. जाऊ द्यात. माझ्या त्या दिवशी ४३०.५ चा लो नंतर तुटलाच नाही, म्हणजे या नियमाने सौदाच झाला नसता.

दादाचं म्हणणं असं की एवढी वाट बघितली तर मजाच राहत नाही. तो पहिल्या लाल कॅण्डललाच शॉर्ट मारतो आणि जिंकलेले सौदे तेवढे सांगतो. त्याने आपल्या गॅपच्या सगळ्या सौद्यांची वही एकदा तरी दाखवावी, मी कितीदा म्हणालो. वही नाही. माझी आहे. तिच्यात निकालांच्या गॅपविरुद्ध घेतलेले अकरा सौदे आहेत, त्यातले आठ तोट्याचे.

आता हेही सांगायला हवं की अकरा सौद्यांवरून नियम बनत नाही, आणि निकालांचा प्रत्येक गॅप टिकतो असंही नाही. शेअर आधीच दोन-तीन महिने पळत सुटला असेल आणि मग चांगल्या बातमीवर मोठ्या गॅपने उघडला, तर बऱ्याचदा ती तेजीची शेवटची उडी असते. तिथेही व्हॉल्यूम प्रचंडच असतो, फक्त भाव पुढे सरकत नाही आणि दिवस उघडलेल्या भावाच्या खाली बंद होतो. सकाळी साडेनऊ-दहाला हे दोन्ही प्रकार सारखेच दिसू शकतात. माझी पद्धत तिथे फसते, आणि फसली आहे.

गॅप डाऊन म्हणजे हेच सगळं उलटं करून वाचायचं, असं समजू नका. तिथे भीतीने आणि मार्जिन कमी पडल्याने जबरदस्तीची विक्री होते, ती एकदम येते आणि एकदम संपतेही. त्यामुळे उसळी जोरदार येते, पण बऱ्याचदा गॅपच्या मध्याआधीच दमते, कारण वर अडकलेले लोक सुटायला टपलेले असतात. आणि रात्रभर धरलेल्या पोझिशनचा स्टॉपलॉस गॅपमध्ये कामाला येत नाही, ऑर्डर उघडलेल्या भावालाच लागते.

अजून एक. चार्टवर गॅप दिसला की आधी लाभांश, स्प्लिट किंवा बोनसची तारीख बघा. एक्स-डिव्हिडंडच्या दिवशी भाव साधारण लाभांशाएवढा खाली उघडतो, तो गॅप नव्हेच. दादाने अशा एका ‘गॅप’मध्ये भरण्याची वाट बघत शेअर घेतले होते. ती गोष्ट मात्र तो कधी काढत नाही.