दुधीचा रस कडू लागला तर

> "बाबांना मधुमेह आहे, रोज सकाळी दुधीचा रस घेतात, त्यात कारलं आणि आवळाही असतो. आज रस नेहमीपेक्षा कडू लागला म्हणून एक घोट घेऊन ठेवून दिला. ते म्हणतात, कडू म्हणजे औषधी, दुपारी पिऊन टाकतो. प्यावा का? आणि चाखून बघा म्हणतात ते नक्की कसं?"

पिऊ देऊ नका. तो रस आत्ताच ओतून टाका. एका घोटानंतर काही त्रास झालेला नसेल तर काळजीचं फारसं कारण नाही. पण मळमळ, पोटात कळ, चक्कर, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, त्यांना दवाखान्यात न्या.

मी बरीच वर्षं तातडीच्या विभागात काम केलं आहे, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितो. तुमच्या बाबांसारखंच उदाहरण २०१० साली दिल्लीत घडलं. वैज्ञानिक संस्थेत काम करणारे ५९ वर्षांचे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी आरोग्यासाठी रोज दुधी आणि कारल्याचा रस घेत. काही वर्षांची सवय होती, कधी त्रास झाला नव्हता. त्या दिवशी रस जास्त कडू लागला, तरी दोघांनी घेतला. थोड्याच वेळात उलट्या-जुलाब सुरू झाले. पत्नी वाचल्या, ते गेले. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने देशभरातली अशी प्रकरणं तपासली आणि जो सल्ला दिला तो अगदी साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, कडू रस दुसऱ्या कशात मिसळून पिऊ नका. पुढे २०१८ मध्ये पुण्यातही दुधीचा रस प्यायल्यानंतर एका बाईंचा मृत्यू झाला.

दिल्लीच्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कारलं. कारलं कडूच असतं, त्यामुळे दुधी कडू निघाला तरी जीभ ओळखणार कशी? कारल्याच्या कडूपणाखाली दुधीचा कडूपणा लपतो. तुमच्या बाबांना आज फरक जाणवला हे नशीब समजा. आवळा, लिंबू, पुदिना, काळं मीठ, हे सगळे चव झाकणारेच पदार्थ आहेत, आणि दुधीच्या रसात आपण नेमके तेच घालतो.

आता हा कडूपणा कसला ते बघू. दुधी, दोडका, काकडी, भोपळा या वेलभाज्यांच्या कुळात कुकुरबिटॅसिन नावाच्या रसायनांचा गट असतो. किडे आणि जनावरं लागू नयेत म्हणून वेल ती तयार करतो. रानटी जातींत ती भरपूर असतात, आणि माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड वेलांचं बी राखून खायच्या जातींतून ती जवळजवळ घालवली आहेत. पण बियाण्यात कुठे जुना गुण डोकावला तर ती परत येतात. पाण्याचा ताण आणि कडक ऊन यांनीही ती वाढतात. आणि हे फळ दिसायला अगदी नेहमीसारखं असतं: तेच हिरवं, कोवळं, नख रुतणारं. रंगावरून, आकारावरून, वासावरून काही कळत नाही. महाग घेतला, सेंद्रिय घेतला किंवा ओळखीच्या भाजीवाल्याकडून घेतला, याचाही काही उपयोग नाही. कळतं ते फक्त जिभेला, आणि जिभेला ते फार थोड्या प्रमाणातही कळतं. विष अंगात जाण्याआधीच ओळखता यावं, अशी सोय सगळ्याच विषांच्या बाबतीत नसते.

भाजीपेक्षा रस धोक्याचा का? कडू दुधीची भाजी केली तर पहिल्या घासालाच माणूस तोंड वाकडं करतो आणि ताट सरकवतो. रसाचं तसं नाही. अर्धा किलोचा दुधी एका ग्लासात येतो, तो रिकाम्या पोटी, नाक दाबून, एका दमात पितात. कडू लागला तरी "औषध आहे" म्हणून संपवतात. त्यात दोन-तीन दुधी एकत्र काढले असतील तर एकटा कडू दुधी बाकीच्या गोड रसात मिसळून जातो आणि चव पुसट होते.

शिजवल्याने हे जात नाही. उकळून, मीठ लावून पिळून, रात्रभर पाण्यात ठेवून त्यावर भरवसा ठेवू नका. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण कडू दुधीला अक्षरशः लागू पडते.

चाखायचं कसं, ते नीट सांगतो, कारण बरेच जण चाखतात म्हणजे रस काढून झाल्यावर ग्लासातून घोट घेतात. चाखायचं ते कापताना. दुधी धुवा, दोन्ही टोकं काढा आणि देठाकडच्या बाजूने एक पातळ चकती घ्या. एक चकती मधूनही घ्या, कारण कडूपणा सगळीकडे सारखा असेलच असं नाही. त्यातला नखाएवढा तुकडा कच्चाच, मीठ-मसाला न लावता, पुढच्या दातांनी चावून जिभेवर फिरवा, मागपर्यंत जाऊ द्या. गिळू नका. थुंका आणि अर्धा मिनिट थांबा. चांगला दुधी कच्चा खाल्ला तर पाणचट, किंचित गोडसर किंवा अगदी बेचव लागतो. कडू दुधीची चव उशिराने चढते आणि जिभेच्या मागे चिकटून राहते, चूळ भरली तरी लगेच जात नाही. "थोडासा कडू आहे, चालेल" असं म्हणायची पाळी आली तर तो कडूच समजायचा.

प्रत्येक दुधी वेगळा चाखायचा. एकाच वेळी, एकाच टोपलीतून घेतलेले असले तरीही. रस काढल्यावर दुसरं काही घालण्याआधी चमच्यात थोडा रस घेऊन त्याचा थेंब पुन्हा जिभेवर लावून बघा. आणि चाखणारी जीभ ठीक हवी. तंबाखू खाणारे, नुकतीच सर्दी झालेले, वयामुळे चव मंदावलेले यांच्यावर हे काम सोडू नका. तुमच्या घरी बाबांऐवजी तुम्ही चाखा. कडू निघालेला दुधी पूर्ण टाकायचा, कडू भाग कापून उरलेला वापरायचा नाही. सुरी, पाट आणि मिक्सरचं भांडंही धुवून घ्या.

"कारलं कडू असून चालतं, मग दुधी का नाही?" हा बाबांचा मुद्दा बरोबर वाटतो, पण कारल्याचा कडूपणा वेगळ्या संयुगांचा आहे. कारल्यात तो स्वभावतः असतो आणि भाजीच्या प्रमाणात आपण तो पचवतो. दुधीत मात्र कडूपणा असायलाच नको, तो आला म्हणजे फळात काहीतरी बिघडलं आहे. कोणती भाजी कडू असावी आणि कोणती नसावी, हे धरून विचार करा. रोजचा रस घ्यायचाच असेल तर निदान दुधी आणि कारलं एकत्र करू नका. आणि खरं सांगायचं तर मधुमेहासाठी दुधी भाजी म्हणून खाल्ला तरी चालतो, रसच हवा असं काही नाही.

हीच गोष्ट दोडका, घोसाळं आणि झुकिनीची. काकडीच्या देठाकडचं टोक कडू असतं हे सगळ्यांना माहीत आहे. टोक कापून घासल्यावर फेस येतो आणि कडूपणा निघून जातो असं मानतात, पण काकडीच्या आत जे आहे ते घासण्याने बाहेर येत नाही. टोक काढल्यावर पुढचा भाग गोड असेल तर खा, आतपर्यंत कडू असेल तर टाका.

घरच्या बागेतल्या वेलांबद्दल जास्त सावध राहा. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेत पिकलेली कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. यंदाच्या गोड दुधीचं बी राखून ठेवलं आणि त्या फुलावर मधमाशीने जवळच्या रानटी, कडू दुधीचे परागकण आणले असतील, तर यंदाचं फळ गोडच राहतं, कारण गर आईवेलाचा असतो. पण त्या बियांतून उगवलेल्या वेलाला पुढच्या वर्षी कडू फळं येऊ शकतात. म्हणून उकिरड्यावर आपोआप आलेल्या वेलाचा दुधी चाखल्याशिवाय घरात आणू नका, आणि कडू फळाचं बी तर राखूच नका.

मात्र "चाखून कडू नाही म्हणजे सुरक्षित" हा नियम या कुळापुरताच. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे याचं उदाहरण आहेत. त्यांतलं सोलॅनिन हे विषारी द्रव्य जास्त असेल तर कडू लागतं आणि घशात जळजळ होते, पण तिखट-मिठात आणि तेलात ते सहज झाकलं जातं. तिथे डोळ्यांवर विसंबा: हिरवा भाग आणि कोंब जाडसर काढा, बटाटा बराच हिरवा असेल तर टाका. रानातल्या अनोळखी भाज्या, अळंबी यांना तर चवीची परीक्षा अजिबात लागू नाही.

शेवटी, कुणी कडू रस पिऊन टाकला असेल तर काय होतं ते सांगतो. त्रास फार लवकर सुरू होतो, काही मिनिटांत ते तासाभरात. पोटात जोराची कळ, थांबत नाहीत अशा उलट्या, जुलाब. मग उलटीत रक्त, लाल किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट. रक्तदाब घसरतो, अंग गार पडतं, माणूस गळून जातो. शिळं खाऊन झालेल्या त्रासापेक्षा हा वेगळा वाटतो तो त्याच्या वेगामुळे आणि रक्तदाब ज्या झपाट्याने खाली येतो त्यामुळे. दुर्बिणीने तपासलं तर अन्ननलिका आणि जठराच्या अस्तरावर ठिकठिकाणी व्रण आणि रक्तस्राव दिसतो. यावर उतारा नाही. शिरेतून सलाईन, आम्ल कमी करणारी औषधं, गरज पडली तर रक्तदाब सांभाळणारी औषधं, असेच उपचार असतात, आणि वेळेवर मिळाले तर बहुतेक रुग्ण काही दिवसांत बरे होतात. म्हणून घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, आम्लपित्ताची गोळी देऊन वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखाना गाठा.

तिथे पहिलं वाक्य हेच सांगा: कडू दुधीचा रस प्यायलेत, किती आणि किती वाजता. नातेवाईक "काल बाहेरचं खाल्लं होतं" इथून सुरुवात करतात आणि रसाचा उल्लेखच करत नाहीत, कारण तो त्यांना पथ्याचा पदार्थ वाटतो. मधुमेह आणि रक्तदाबाच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. उरलेला रस किंवा दुधीचा तुकडा असेल तर तोही बाटलीत घालून बरोबर घ्या.