शिक्षणाची पॉलिसी, लॅपटॉपचा हप्ता

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे. वय 45, पगार 34 हजार. मुलगी यंदा बी.कॉम.ला गेली. नोट्स आणि असाइनमेंटसाठी तिला लॅपटॉप (42 हजार) घ्यावा की कीबोर्ड-पेनसह टॅब (36 हजार)? दोन्ही नो कॉस्ट ईएमआयवर मिळतात. तिच्या शिक्षणासाठी 3 वर्षांपूर्वी 15 वर्षांची पॉलिसी घेतली आहे. विमा साडेसहा लाख, शेवटी 11 लाख मिळतील असं एजंट म्हणाला. पुढच्या महिन्यात तिचा चौथा हप्ता, 48 हजार. तो बाजूला काढून ठेवलाय, म्हणून ईएमआय.

उत्तर : लॅपटॉप घ्या. बी.कॉम.ला आज ना उद्या टॅली शिकावं लागणार आणि टॅली प्राइम विंडोजवर चालतं, टॅबवर नाही. एक्सेलची टॅबवरची आवृत्तीही तोकडी असते. त्यात स्क्रीन दहा इंचांहून मोठी असेल तर एडिटिंगसाठी वर्गणी भरावी लागते, हे दुकानदार सांगत नाही. लॅपटॉपवर ऑफिस बहुतेकदा भरूनच येतं, बिलावर तसं लिहून घ्या. शिवाय कीबोर्ड जोडलेला टॅब मागच्या टेकूवर उभा राहतो. कॉलेजच्या अरुंद बाकावर टॅब, टेकू आणि वही एकत्र मावत नाहीत. आकृत्या काढायचं शिक्षण असतं तर पेनसाठी टॅब म्हटलं असतं. तासाच्या नोट्स तिला वहीतच काढू द्या, वही पन्नास रुपयांना येते. 8 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी पुरे, फक्त रॅम पुढे वाढवता येते का ते विचारून घ्या.

आता पॉलिसी. मुलगी आज 18 वर्षांची असेल, म्हणजे ही शिक्षणाची पॉलिसी पैसे देणार ती तिशीला आल्यावर. बी.कॉम. तीन वर्षांत संपेल, एम.कॉम. धरलं तर पाच. त्या वेळी तुम्हाला 48 हजार मिळणार नाहीत, उलट दरवर्षी भरावे लागतील. पहिला हप्ता घेताना मुलगी दहावीत होती, हे एजंटला दिसत होतं. त्याने टॅक्स वाचेल असंही सांगितलं असणार. चार लाखांच्या वार्षिक पगारावर तुम्हाला टॅक्स बसतच नाही, वाचायचं काय?

परतावा बघा. 15 वर्षांत 7 लाख 20 हजार भरून 11 लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के. तेही बोनस आजच्यासारखाच राहिला तर. आणि उद्या तुम्हाला काही झालं, तर घरात येणार साडेसहा लाख आणि थोडा बोनस. दीड वर्षाचा पगार!

तरीही सरेंडर करू नका. आजवर 1 लाख 44 हजार भरलेत. तीन हप्त्यांनंतर हमीची सरेंडर किंमत साधारण 35 टक्के, म्हणजे पन्नास हजार, वर थोडंफार बोनसचं. त्यापेक्षा पॉलिसी 'पेड-अप' करा. पुढे काही भरायचं नाही. 15 पैकी 3 हप्ते भरलेत, म्हणून विम्याचा पाचवा हिस्सा, 1 लाख 30 हजार, आणि आजवर जमा झालेला बोनस मुदतीअखेर मिळेल. नवा बोनस सहसा लागत नाही. शाखेत जाऊन आजची सरेंडर किंमत आणि पेड-अप किंमत दोन्ही लेखी मागा. एजंटकडून नको, त्याचं कमिशन हप्त्यावर आहे.

इथे क्रम चुकवू नका. पेड-अप झाली की विमा 1 लाख 30 हजारांवर येतो. म्हणून आधी 50 लाखांची टर्म पॉलिसी घ्या, साठीपर्यंतची. तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल, तर वर्षाला साधारण बारा-पंधरा हजार लागतील. तंबाखू असेल तर अर्जात लपवू नका, क्लेम तिथेच अडतो. वैद्यकीय तपासणीत वेळ जातो, पण वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. ती पॉलिसी हातात आल्यावरच चौथा हप्ता सोडा.

मग बाजूला काढलेल्या 48 हजारांतून लॅपटॉप रोखीने येतो, वर सहा हजार उरतात. नो कॉस्ट ईएमआयमध्येही व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी जाते, मिळून हजारभर. रोखीत तेवढी सूट नवी पेठेत कुणीही देईल. ईएमआयला महिन्याला साडेतीन हजार जाणार होते. त्यातले बाराशे टर्मला, उरलेले तेवीसशे आवर्ती ठेवीत टाका. वर्षात सत्तावीस हजारांवर जमतील, म्हणजे बी.कॉम.च्या पुढच्या वर्षाची फी हाताशी.

टर्म पॉलिसी यायला महिना गेला आणि तिची पहिली असाइनमेंट त्याआधी आली, तर कॉलेजच्या लॅबमध्ये टाइप करू द्या. आणि दुकानात बॅग मागून घ्या, न मागता देत नाहीत.