मैत्रिणीचा फोटो तिला न विचारता एडिट करावा का?

प्रश्न: आम्हा सहा जणांचा एक ग्रुप फोटो आहे. माझा चेहरा छान आलाय, पण एका मैत्रिणीच्या हनुवटीवर पुटकुळ्या दिसतात, डोळे अर्धे मिटलेत आणि दंड जाड दिसतोय. तिला बरं वाटावं म्हणून मीच ते नीट करून ग्रुपवर टाकलं तर चालेल का? की आधी विचारायला हवं?

उत्तर:

फोटोत जे बिघडलंय ते कॅमेऱ्यामुळे किंवा उजेडामुळे बिघडलंय, की खरोखरच तसं आहे, हे आधी ठरवा. कॅमेऱ्याचा किंवा उजेडाचा दोष बिनधास्त सुधारा, कुणाला विचारायची गरज नाही. जे तिच्या अंगावर, चेहऱ्यावर खरोखरच आहे, त्याला मात्र तिच्या होकाराशिवाय हात लावू नका. तुमच्या तीन तक्रारींपैकी एक बहुधा कॅमेऱ्याची आहे, एक वेळ चुकल्याची आणि एकच तिच्या त्वचेची.

दंडापासून सुरुवात करते. ती फोटोत कडेला उभी आहे का ते बघा. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतका रुंद बघतो आणि ते सगळं दृश्य सपाट चौकटीत बसवताना कडेच्या गोष्टी बाहेरच्या बाजूला ताणतो. अल्ट्रावाइडमध्ये हे आणखी वाढतं. त्यामुळे मधली माणसं नीट दिसतात आणि कडेच्या माणसाचे खांदे, दंड, गाल रुंद होतात. खात्री करायची तर त्याच दिवशीचा, ती मध्यभागी असलेला फोटो शेजारी ठेवून बघा. तिथे दंड नेहमीसारखा दिसला, तर दोष लेन्सचा.

अशा वेळी दंड ‘बारीक’ करणारं टूल वापरू नका. ते टूल चित्रातले बिंदू आत ढकलतं आणि दंडाबरोबर मागची दाराची चौकट, फरशीची रेघ, खुर्चीचा पायही वाकतो. फोटो बघणारा नेमका तिथेच थबकतो, आणि दंडाकडे ज्याचं लक्षही गेलं नसतं त्याला कळतं की इथे काहीतरी केलंय. त्यापेक्षा ती मध्यभागी असलेली दुसरी फ्रेम निवडा. पुढच्या वेळी दोन-तीन पावलं मागे जाऊन २x वर फोटो काढा आणि दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा ठेवा. कडेची ती जागा नंतर कापून टाकता येते.

उजेडाचं कामही न विचारता करा, पण पूर्ण चौकटीवर. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत सगळ्यांची कातडी नारिंगी दिसते. चित्रात खरोखर पांढरी असलेली एखादी वस्तू शोधा, कागद किंवा शर्टाची कॉलर, आणि ती पांढरी दिसेपर्यंत रंगाचा स्लायडर निळ्याकडे सरकवा. उजळपणा वाढवताना कपाळावरच्या चकाकणाऱ्या ठिपक्यावर नजर ठेवा. तो सपाट पांढरा झाला की तुम्ही जास्त पुढे गेलात, थोडं मागे या. एकाच्याच तोंडावर सावली पडली असेल तर तेवढा भाग थोडा उजळायला हरकत नाही. पण उजळल्यावर त्या व्यक्तीचा चेहरा तिच्याच मानेशी आणि हातांशी ताडून बघा. चेहरा हातांपेक्षा वेगळ्या रंगाचा दिसायला लागला, तर तुम्ही सावली काढलेली नाही, रंग बदललाय. सावळ्या माणसाला ‘उजळ’ करून पाठवणं ही यातली सगळ्यात जास्त दुखावणारी चूक आहे, आणि बहुतेक वेळा ती प्रेमापोटीच होते.

आता पुटकुळ्या. व्यक्तिचित्रांचं रीटचिंग करणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे: दोन आठवड्यांत आपोआप जाईल ते काढायला हरकत नाही, आणि जे राहणार आहे ते राहू द्यायचं. पुटकुळी, ओरखडा, कपड्यावरचा धागा पहिल्या गटात. तीळ, जन्मखूण, जुना व्रण, वांग, दातांतली फट दुसऱ्या गटात. तिच्या भुवईवर व्रण असेल, तर तो तिच्या चेहऱ्याचा भाग आहे. काही जणांना तो नकोसा असतो, काही जणांना तो पुसलेला बघून राग येतो, आणि बाहेरून हे ओळखता येत नाही.

पण हा नियम व्यवसायातला आहे. तिथे माणूस स्वतः फोटो काढून घ्यायला आलेला असतो आणि रीटच होणार हे त्याला माहीत असतं. तुमच्या मैत्रिणीला ते माहीत नाही. पुसलेली हनुवटी बघून तिला आधी हे कळेल की तुमचं लक्ष तिच्या पुटकुळ्यांवर गेलं होतं. म्हणून माझं मत असं की, पुटकुळ्या काढलेला फोटो आधी फक्त तिला पाठवा, ग्रुपवर नंतर.

काढायच्याच असतील तर हीलिंग ब्रशने काढा, त्वचा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरने नाही. हीलिंग ब्रश शेजारच्या त्वचेचा पोत घेऊन तो त्या जागेच्या रंगात मिसळतो. फिल्टर सगळीकडची बारीक छिद्रं आणि लव पुसतो. सहा चेहऱ्यांत एकच चेहरा मेणाचा दिसला की तो चटकन डोळ्यांत भरतो. ब्रश पुटकुळीपेक्षा जेमतेम मोठा ठेवा, प्रत्येकीवर एकदाच टेकवा, घासत नेऊ नका. ओठांच्या किंवा जबड्याच्या कडेजवळ ब्रश पलीकडचा रंग ओढून आणतो आणि कड धुरकट होते. तिथे आधी झूम करून ब्रश आणखी लहान करा. ॲपमध्ये परिणाम कमी करायची सोय असेल तर तो निम्म्यावर आणा. लाली उतरते आणि पुटकुळीची पुसट खूण राहते, तेच खरं वाटतं. मग झूम काढून फोटो हातभर अंतरावरून बघा. काय केलंय ते चटकन दिसलं नाही, तर जमलं.

एक गोष्ट आधीच तपासा: फोनच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड चालू होता का? काही फोनांत पुढच्या कॅमेऱ्यासाठी तो मुळातच चालू असतो. तसं असेल तर सगळ्यांचे चेहरे टिपतानाच घासले गेलेत, आणि सेव्ह झालेल्या फोटोतून तो पोत परत येत नाही. त्यावर तुम्ही आणखी काही केलंत तर चेहरा हाताबाहेर जातो.

अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांसाठी डोळे रंगवू नका किंवा मोठे करू नका. त्याच क्षणी काढलेले तीन-चार फोटो असतील तर त्यातला तिचे डोळे उघडे असलेला फोटो निवडा. त्यात दुसऱ्याच कुणाचे डोळे मिटले असतील तर एका फ्रेममधला चेहरा दुसरीत बसवता येतो, काही फोनांत तशी सोयच आहे. दोन्ही फ्रेममध्ये मान एकाच कोनात हवी, नाहीतर हनुवटीखालची सावली जुळत नाही. चेहरा तिचाच असला तरी हा जोडलेला फोटो आहे, तेव्हा तिला तसं सांगा.

विचारायचं कसं, याकडेही लक्ष द्या. फोटोवर गोल काढून, बाण दाखवून ‘हे काढू का?’ असं विचारू नका. ‘तुझे दंड बारीक करू का?’ हे तर नकोच. ज्या उणिवा तिला दिसल्याही नव्हत्या त्या तुम्ही मोजून दाखवता. मूळ आणि सुधारलेला असे दोन्ही फोटो तिला एकटीला पाठवा आणि एवढंच लिहा:

‘अगं, हा फोटो ग्रुपवर टाकायचाय. उजेड नीट केलाय आणि हनुवटीपाशी थोडं रीटच केलंय. यातला कुठला टाकू? दोन्ही नको असतील तर दुसरा शोधते.’

यात तीन वाटा आहेत, आणि ‘दोन्ही नको’ ही वाट तुम्ही आपणहून दिल्यामुळे तिला नाही म्हणणं सोपं जातं. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ होकार नाही. थांबा, किंवा ती नसलेला फोटो टाका. मूळ फोटोच टाक म्हणाली तर मूळच टाका, ‘अगं पण हा जास्त छान दिसतोय’ असा आग्रह नको.

कधी कधी ती म्हणेल, ‘मी अशी दिसतच नाही!’ त्यावर लगेच एडिट करायला धावू नका. आपण स्वतःला आरशात बघतो, म्हणजे उलट बाजूने, आणि त्याच रूपाची सवय होते. १९७७ सालच्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा जास्त आवडली, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ प्रतिमा. फोटो आडवा उलटवून फक्त तिला दाखवा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. उलटवलेला फोटो ग्रुपवर मात्र टाकू नका. शर्टावरची अक्षरं उलटी होतात, भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि सगळ्यांना ती विचित्र दिसते.

शरीराचा आकार आणि त्वचा हीच रेघ काही देशांच्या कायद्यांनीही ओढली आहे. व्यावसायिक जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बदललं असेल तर फ्रान्समध्ये २०१७ पासून तसं छापावं लागतं. नॉर्वेत २०२२ पासून जाहिरातीत शरीराचा आकार, मापं किंवा त्वचा बदलली तर ठरलेलं चिन्ह लावावं लागतं. तुमच्या ग्रुपला हे कायदे लागू नाहीत, पण रेघ कामाची आहे. गमतीसाठी कुणाचं तोंड दुसऱ्या धडावर लावणं, कपडे बदलणं किंवा काढणं हे ‘सुधारणं’ नाहीच. ते करू नका. बऱ्याच ठिकाणी तो गुन्हाही ठरतो.

आणखी एक: स्वतःचा चेहरा घासूनपुसून घ्यायचा आणि बाकीचे पाच जसेच्या तसे ठेवायचे, हे लोकांच्या लक्षात येतं. एकतर विचारून सगळ्यांवर सारखंच हलकं काम करा, नाहीतर कुणावरच नको.

पाठवण्याआधी मूळ फोटो वेगळी प्रत म्हणून जपून ठेवा. तिने आठवड्याने ‘मूळचा दे’ म्हटलं तर तो हाताशी हवा. शिवाय आयफोनवरून एअरड्रॉपने पाठवताना पर्यायांत All Photos Data चालू असेल तर फोटोबरोबर एडिटचा इतिहासही जातो आणि समोरचा Revert दाबून मूळ फोटो बघू शकतो. तिने ‘मूळचा कुणाला दाखवू नकोस’ म्हटलं असेल तर तो पर्याय बंद करा, किंवा सुधारलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच पाठवा.

आणि न विचारता आधीच टाकून बसला असाल, तर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ लगेच वापरा, पण ज्यांच्या फोनवर फोटो आपोआप उतरतात त्यांच्या गॅलरीत तो राहिलेला असू शकतो. म्हणून तिला आधी तुम्हीच सांगा, इतर कुणाकडून कळायच्या आत, आणि मग ग्रुपवर ‘चुकीची प्रत गेली, ती काढून टाका’ एवढंच लिहा. त्यात तिचं नाव नको, काय पुसलं होतं तेही नको.